एनव्हिडिया की एएमडी? एडिटिंगसाठी कार्ड घेण्याआधी कॅमेऱ्याची फाइल उघडून बघा



लग्नाचे व्हिडिओ करणारा एक तरुण मागच्या महिन्यात दोन कोटेशनं घेऊन माझ्याकडे आला. दोन्हीत बाकी मशीन तेच, फक्त ग्राफिक्स कार्डाची ओळ वेगळी. एकात एनव्हिडियाचं आरटीएक्स 5060, 8 जीबी मेमरीचं. दुसऱ्यात एएमडीचं आरएक्स 9060 एक्सटी, 16 जीबीचं. किमतीत फरक थोडाच. दुकानदार म्हणाला होता, "दुप्पट मेमरी मिळतेय, विचार कसला करताय?" पैसे कर्जाचे, हप्ता पुढच्या महिन्यापासून चालू. त्याचा प्रश्न सरळ होता: "सर, कोणती कंपनी चांगली?"

मी उत्तर दिलं नाही, उलट तीन प्रश्न विचारले. कॅमेरा कोणता आणि त्यात सेटिंग काय ठेवतोस? प्रोसेसर कोणता घेतोयस? आणि काम झाल्यावर गिऱ्हाइकाला फाइल कशी देतोस, पेनड्राइव्हवर, यूट्यूबवर की लाइव्ह? पहिल्या प्रश्नालाच तो अडला. "फोर-के ला शूट करतो" एवढंच त्याला माहीत होतं. बहुतेकांचं असंच असतं, म्हणून आज हा लेख.

एका कार्डात तीन कामकरी

लग्नाच्या स्वयंपाकघरात बघा. एक जण भाजी चिरतो, आचारी ती शिजवतो आणि वाढपी पंगतीत वाढतो. ग्राफिक्स कार्डातही अशी तीन वेगवेगळी खाती असतात. कॅमेऱ्याची दाबून बसवलेली फाइल उलगडून टाइमलाइनवर दाखवणारा डिकोडर म्हणजे चिरणारा. रंग, इफेक्ट, ट्रान्झिशन, नॉइज काढणं ही कामं करणारे मुख्य कोअर म्हणजे आचारी. आणि शेवटी एक्सपोर्ट किंवा लाइव्हसाठी व्हिडिओ पुन्हा दाबून बसवणारा एन्कोडर म्हणजे वाढपी. डिकोडर आणि एन्कोडर हे चिपवर वेगळे बसवलेले छोटे भाग आहेत. कोअर कितीही दमदार असले तरी या दोघांची जागा ते घेत नाहीत.

आता गंमत अशी की दुकानात जी तुलना होते ती सगळी आचाऱ्याची. गेममध्ये किती फ्रेम मिळतात, मेमरी किती, वगैरे. पण आपल्या धंद्यात टाइमलाइन अडकते ती बहुतेक वेळा चिरणाऱ्यापाशी, आणि गिऱ्हाइकाची तक्रार येते ती वाढप्याची. 16 जीबी मेमरी आचाऱ्याच्या उपयोगाची आहे. जड नॉइज रिडक्शन, फोर-केवर चार-पाच थर, मोठी कलर ग्रेड असं काम असेल तर 8 जीबी कमी पडते हे खरं. पण कॅमेऱ्याची फाइल उलगडायला ती मेमरी काही मदत करत नाही.

आधी चिरणारा: 4:2:2 ची भानगड

व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी ठेवतात, पण रंगाची माहिती वाटून घेतात, कारण आपल्या डोळ्याला रंगातला बारीक फरक तेवढा जाणवत नाही. 4:2:0 मध्ये चार ठिपक्यांत मिळून रंगाची एक नोंद असते, 4:2:2 मध्ये दोन ठिपक्यांत एक. म्हणजे 4:2:2 मध्ये रंगाची माहिती दुप्पट. हळदीच्या पिवळ्यावर किंवा शालूच्या लालवर ग्रेडिंग करताना ती कामाला येते. म्हणून सोनी ए7 फोर किंवा कॅनन आर6 सारख्या कॅमेऱ्यांत 10 बिट 4:2:2 ची सोय असते आणि यूट्यूब बघून शिकलेली मुलं ती लावून टाकतात.

पण ही फाइल उलगडणारा डिकोडर सगळ्या कार्डांत नसतो. एनव्हिडियाने 2025 मध्ये आलेल्या आरटीएक्स 50 मालिकेत एच.264 आणि एच.265 या दोन्हींसाठी 4:2:2 ची सोय दिली. त्याआधीच्या 30 आणि 40 मालिकेत एडिटिंगच्या कामाची ही सोय नाही. एएमडीच्या आरएक्स 7000 मध्ये नाही, आणि आरएक्स 9000 मध्येही नाही. मग अशी फाइल टाइमलाइनवर टाकली की सगळा भार प्रोसेसरवर जातो. प्ले केलं की चित्र अडखळतं, पंखा ओरडायला लागतो, आणि माणूस म्हणतो, "एवढं महागाचं कार्ड घेतलं, तरी अडकतंय!" कार्ड बिचारं रिकामं बसलेलं असतं.

तिसरा एक मार्ग आहे, आणि तो स्वस्तातला आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्येच जे छोटं ग्राफिक्स असतं, ते 11व्या पिढीपासून डेस्कटॉपवर एच.265 ची 4:2:2 फाइल उलगडतं. म्हणजे कार्ड कुठलंही असो, चिरायचं काम प्रोसेसरमधला हा भाग करतो. अट एकच, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर नको. आय5-12400 मध्ये हे ग्राफिक्स आहे, आय5-12400एफ मध्ये नाही. थोडे पैसे वाचवायला कोटेशनमध्ये एफ टाकतात, आणि एडिटिंगवाल्याला नेमकं तेच नडतं.

तुमची फाइल कोणती आहे हे कसं ओळखायचं? मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर येतं. कॅमेऱ्यातली एक क्लिप त्यात उघडा आणि तीन ओळी वाचा: `Format`, `Chroma subsampling` आणि `Bit depth`. तिथे `HEVC`, `4:2:2`, `10 bits` दिसलं तर वरचा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. `AVC`, `4:2:0`, `8 bits` दिसलं तर दोन्ही कंपन्यांची गेल्या काही वर्षांतली कार्डं ती फाइल सहज उलगडतील. मोबाइलवर नेहमीच्या सेटिंगने शूट केलेलं सहसा 4:2:0 च असतं.

आणि मशीन समोर असेल तर आणखी सोपी परीक्षा आहे. टाइमलाइन प्ले करत ठेवा, `Task Manager` उघडा, `Performance` मध्ये `GPU` वर जा. तिथे `Video Decode` नावाचा आलेख असतो (एएमडीच्या नव्या कार्डांवर तो `Video Codec` या नावाने दिसतो). तो वर गेला असेल तर कार्ड फाइल उलगडतंय. तो शून्यावर झोपलेला आणि `CPU` नव्वदच्या पुढे असेल, तर चिरणारा कामावरच आलेला नाही. प्रीमियर वापरत असाल तर `Preferences` मधल्या `Media` पानावर हार्डवेअर डिकोडिंगची खूण केलेली आहे ना हेही बघा. कधी कधी एवढंच राहिलेलं असतं. डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर फुकट आवृत्ती आणि पैसे भरून घ्यायची `Studio` यांत नेमका इथेच फरक आहे, तेव्हा कार्डाच्या बजेटमध्ये `Studio` चे पैसे धरून ठेवा.

मग वाढपी: अक्षता पडतात तो क्षण

एन्कोडरची खरी परीक्षा कुठे होते माहितीये? मंगलाष्टकं संपतात आणि अक्षता पडतात तिथे. एन्कोडर जागा कशी वाचवतो, तर मागच्या फ्रेममधलं जे तसंच आहे ते पुन्हा लिहीत नाही, फक्त बदल लिहितो. वधू-वर शांत उभे असतात तोवर लिहायला फारसं काही नसतं. अक्षता उडाल्या की हजार दाणे हजार दिशांना, त्यात फ्लॅश चमकतात. सगळंच बदललं. ठरवून दिलेल्या बिटरेटमध्ये ते मावत नाही आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात. ढोल-ताशाचा गुलाल, लेझीम, कारंजी, सगळीकडे हेच.

इथे दोन कंपन्यांमध्ये अनेक वर्षं खरा फरक होता. चांगला एन्कोडर एखादी फ्रेम लिहिताना मागची आणि पुढची अशा दोन्ही फ्रेमचा आधार घेतो. अशा फ्रेमला बी-फ्रेम म्हणतात आणि तिच्यामुळे तेवढ्याच जागेत चित्र जास्त स्वच्छ बसतं. एनव्हिडियाचा एन्कोडर 2018 च्या आरटीएक्स 20 मालिकेत चांगलाच सुधारला आणि एच.264 मध्ये तेव्हापासून पुढे राहिला. एएमडीच्या आरएक्स 500 आणि आरएक्स 5000 या मालिकांत एच.264 साठी बी-फ्रेम नव्हतीच. आरएक्स 6000 मध्ये हार्डवेअर होतं, पण त्याचा उपयोग 2022 मध्ये सॉफ्टवेअर सुधारल्यावर व्हायला लागला. आरएक्स 9000 मालिकेत एएमडीने एच.264 वर मेहनत घेतली आहे आणि अंतर बरंच कमी झालंय. म्हणून "एएमडीचं एन्कोडिंग खराब" हे सरसकट वाक्य आज जुनं झालंय. कुठल्या मालिकेचं कार्ड, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पण हा फरक तुम्हाला दिसणार कधी? बिटरेट कमी असेल तेव्हाच. आमच्या पाहुण्याचं उदाहरण घेऊ. तो तीन तासांचं लग्न फुल एचडीमध्ये 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर देतो. तीन तास म्हणजे 10,800 सेकंद. 16 जीबी म्हणजे 16,000 एमबी, त्याला 8 ने गुणलं की 1,28,000 मेगाबिट. भागाकार केला की सेकंदाला साधारण 11.8 मेगाबिट. आवाज आणि थोडी मोकळी जागा सोडली तर 11 धरा. फुल एचडीला 11 मेगाबिट म्हणजे बऱ्यापैकी ऐसपैस, इथे दोन्ही कार्डांतला फरक शोधायला चित्र थांबवून बघावं लागेल. 32 जीबीचा पेनड्राइव्ह घेतला तर बिटरेट दुप्पट होतो आणि एन्कोडरचा वादच संपतो. (पेनड्राइव्ह `exFAT` करून घ्या. `FAT32` वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि हे बरोबर द्यायच्या दिवशी कळतं.)

शिवाय शेवटच्या फाइलसाठी कार्डाचा एन्कोडर वापरलाच पाहिजे असंही नाही. प्रीमियरमध्ये एक्सपोर्ट करताना `Performance` ला `Software Encoding` निवडलं तर काम प्रोसेसर करतो, वेळ जास्त लागतो, पण `VBR, 2 pass` मिळतं. म्हणजे आधी एकदा सगळा व्हिडिओ बघून घ्यायचा, अक्षतांना किती जागा लागेल ते ठरवायचं आणि मग लिहायचं. `Hardware Encoding` ला हा पर्याय मिळत नाही. रात्री लावून झोपायचं, सकाळी फाइल तयार. गिऱ्हाइकाला ट्रेलर घाईने पाठवायचा असेल तेव्हा कार्डाचा एन्कोडर वापरा आणि बिटरेट थोडा वाढवून द्या.

यूट्यूबला टाकणार असाल तर लक्षात ठेवा, यूट्यूब तुमची फाइल पुन्हा स्वतः एन्कोड करतं. तिथे तुमच्या कार्डाच्या एन्कोडरचं बारीक कौशल्य पोचतच नाही. भरपूर बिटरेटची फाइल चढवा आणि मोकळे व्हा.

फरक खरा लागतो तो लाइव्हला. मंगल कार्यालयातलं नेट, अपलोड कधी 8, कधी 6 मेगाबिट, त्यात तुम्ही सुरक्षित म्हणून 5 ला लावता. आणि तिथे रात्रभर वाट बघायची सोय नाही, जे लिहायचं ते त्या क्षणी. अशा कमी बिटरेटच्या एच.264 ला एनव्हिडियाचं आरटीएक्स 20 किंवा पुढचं कुठलंही कार्ड हा निर्धास्त पर्याय आहे, एएमडीचं आरएक्स 7000 पर्यंतचं कार्ड तिथे मागे पडतं. एव्ही1 या नव्या पद्धतीत दोघं जवळजवळ बरोबरीचे आहेत. आरटीएक्स 40 आणि आरएक्स 7000 पासून ते मिळतं, आणि ओबीएसमधून यूट्यूबला 2023 पासून एव्ही1 लाइव्ह पाठवता येतं. एक खोच आहे: आरएक्स 7000 वर एव्ही1 मध्ये 1080 ओळींचा व्हिडिओ केला तर तो 1082 ओळींचा बनतो, खाली दोन काळ्या ओळी. हा हार्डवेअरचा दोष आहे, सेटिंगने जात नाही. आरएक्स 9000 मध्ये तो दुरुस्त केला आहे.

जुनं किंवा स्वस्तातलं कार्ड घेणाऱ्यांसाठी इथे थांबून एक सांगतो. काही कार्डांत वाढपीच नसतो! एएमडीच्या आरएक्स 6400 आणि आरएक्स 6500 एक्सटी मध्ये एन्कोडर अजिबात नाही. एनव्हिडियाच्या जीटी 1030 मध्येही नाही. एडिटिंगसाठी ही तीन नावं कोटेशनमध्ये दिसली तर सरळ खोडा.

ड्रायव्हर: कोण किती मुरलेला

"एएमडीचे ड्रायव्हर कच्चे, एनव्हिडियाचे पक्के" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. यात थोडं खरं आहे, थोडं ऐकीव. काळ्या पडद्याच्या तक्रारी एएमडीला 2019-20 मध्ये आरएक्स 5700 मालिकेवर झेलाव्या लागल्या, आणि 2025 च्या सुरुवातीला आरटीएक्स 50 आल्यावर तशाच तक्रारी एनव्हिडियालाही झेलाव्या लागल्या, एकामागून एक हॉटफिक्स काढावे लागले. नवी मालिका आली की पहिले काही महिने दोघांचेही ड्रायव्हर कच्चेच असतात.

मग मुरलेपण कशात? एडिटिंग सॉफ्टवेअर बनवणारे कोणत्या रस्त्याने आधी चालतात त्यात. प्रीमियरमध्ये एनव्हिडियाचं कार्ड `CUDA` ने चालतं, एएमडीचं `OpenCL` ने. `CUDA` चा रस्ता जुना आणि वर्दळीचा आहे, प्लगइनवालेही बहुतेक आधी तिथे तपासून बघतात. त्यामुळे एखादं प्लगइन नव्या ड्रायव्हरवर अडलं, तर दुरुस्ती तिथे लवकर यायची शक्यता जास्त. शिवाय एनव्हिडिया 2019 पासून एडिटिंगवाल्यांसाठी `Studio Driver` वेगळा काढते. गेमसाठीच्या `Game Ready` पेक्षा तो कमी वेळा बदलतो, आणि आपल्याला तेच हवंय. एएमडीमध्ये `Recommended` आणि `Optional` असे दोन प्रकार असतात, त्यातला `Recommended` घ्यायचा.

जुन्या बाजारातून कार्ड घेणार असाल तर ड्रायव्हरचं वय बघा, कार्डाचं नाही. आरएक्स 570 आणि 580 ही कार्डं स्वस्त मिळतात, पण 2023 पासून एएमडीने त्यांना मुख्य ड्रायव्हरमधून बाजूला काढलंय. जीटीएक्स 1060, 1070 या मालिकेला एनव्हिडियाने ऑक्टोबर 2025 मध्ये नियमित ड्रायव्हर देणं थांबवलं, आता 2028 पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. कार्ड आज चालेल. पण उद्या प्रीमियरची नवी आवृत्ती नवा ड्रायव्हर मागेल आणि तुमच्याकडे तो नसेल. आजच्या घडीला जुन्यात घ्यायचंच असेल तर आरटीएक्स 20 च्या मागे जाऊ नका.

कंपनी कुठलीही घ्या, माझ्याकडे एक शिस्त आहे. चालू असलेल्या कामाच्या मध्ये ड्रायव्हर बदलायचा नाही. लग्नसराई संपली, सगळ्या फाइल गिऱ्हाइकाच्या हातात गेल्या, की मग. सध्या नीट चालणाऱ्या ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायची, नावात तारीख घालून. बदलल्यावर एक जुना प्रोजेक्ट उघडायचा, पाच मिनिटं प्ले करायचा, दोन मिनिटांचा तुकडा एक्सपोर्ट करून डोळ्यांनी बघायचा. काही बिनसलं तर `Display Driver Uninstaller` ने सेफ मोडमध्ये सगळं पुसून जपलेला ड्रायव्हर परत टाकायचा. आणि हो, विंडोज कधी कधी स्वतःच्या मनाने ड्रायव्हर बदलतं. एएमडीच्या सॉफ्टवेअरने उघडताना आवृत्ती जुळत नसल्याचा निरोप दाखवला तर समजा हेच झालंय. पुन्हा तोच ड्रायव्हर टाकला की सुटतं.

मग त्या तरुणाने काय घेतलं?

आम्ही त्याची क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडली. `HEVC`, `4:2:2`, `10 bits`. प्रोसेसर कोटेशनमध्ये रायझन 5 5600, ज्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. वर महिन्याला दोन-तीन लाइव्ह. म्हणजे चिरणारा हवा, आणि कमी बिटरेटचा वाढपीही हवा. दोन्ही आरटीएक्स 5060 मध्ये आहेत. 8 जीबी मेमरीची अडचण त्याच्या कामात क्वचित येणार, कारण तो फुल एचडी टाइमलाइनवर काम करतो. आली तर जड नॉइज रिडक्शनचा तुकडा आधी वेगळा रेंडर करून घ्यायचा. त्याला मी 5060 घ्यायला सांगितलं. आणि प्रीमियरची 2025 किंवा त्यापुढची आवृत्ती ठेवायला सांगितलं, कारण कार्डातली 4:2:2 ची नवी सोय जुन्या आवृत्तीला कळत नाही.

त्याने विचारलं, "सर, एवढे पैसे नसते तर?" तर जुन्या मशीनवरच दोन मार्ग होते. एक, कॅमेऱ्यात 4:2:0 10 बिट लावायचं, ए7 फोरमध्ये ते मिळतं, आणि ती फाइल दोन्ही कंपन्यांची कार्डं उलगडतात. रंगात थोडं कमी मिळेल, पण लग्नाच्या कामात ते कोणी ओळखणार नाही. दोन, प्रॉक्सी बनवायच्या, म्हणजे हलक्या नकला करून त्यांवर एडिट करायचं आणि एक्सपोर्टला मूळ फाइल लावायची. खर्च शून्य, फक्त रात्रभर मशीन चालू.

त्याच आठवड्यात क्लासेसची लेक्चरं रेकॉर्ड करून विकणारी एक ताई आली होती, तिलाही हाच प्रश्न पडला होता. तिचं शूटिंग मोबाइलवर, 4:2:0. प्रोसेसर आय5-12400, एफ नसलेला. लाइव्ह नाही, सगळं यूट्यूबवर अपलोड. तिच्यासाठी दोन्ही कंपन्या सारख्याच होत्या, स्वस्त पडेल ते घे म्हटलं असतं. पण फळ्यासमोर बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ, त्यात कट आणि वर दोन ओळी मजकूर, याला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. तिला मी आधी महिनाभर कार्डाशिवाय काम करून बघायला सांगितलं आणि कार्डाच्या पैशातून कॉलरचा चांगला माइक घ्यायला लावला.